फोनवाला फ्रँक

फ्रँक एकसष्ट वर्षांचा होता. डोक्यावर टोपी, ओठांवर मिशी, कपाळाला आठ्या. दुकानात एकटाच असायचा. मोबाइलला घाबरायचा, माल स्वस्तात मागायचा आणि धंदा वाढवायची त्याला मुळीच हौस नव्हती. त्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत त्याचं म्हणणंही छापलेलं होतं : "माझं आहे तसंच बरं आहे."

फ्रँक नावाचा हा माणूस जगात कुठेही नव्हता. त्याचा फोटो बारा डॉलरला विकत घेतलेला होता आणि त्याचं म्हणणं स्पेन्सरने विमानात बसून लिहिलं होतं.

"कसा वाटतो?" स्पेन्सरने विचारलं.

"मेल्यासारखा," बर्नी म्हणाली.

बर्नी गोर्स्की चोपन्न वर्षांची. मिलवॉकीच्या दक्षिण भागात जन्मली, तिथेच वाढली आणि तिथल्याच गल्ल्यांतून बावीस वर्षं चिप्स-चॉकलेटची व्हॅन चालवून दुकानादुकानांत माल लावत फिरली. गुडघ्यांनी तक्रार केली तेव्हा तिने वाचनालयातून संख्याशास्त्राची पुस्तकं आणून स्वैपाकघराच्या टेबलावर एकटीने वाचून काढली. पहिलं पुस्तक तिला तीनदा परत करावं लागलं आणि चौथ्यांदा आणलं तेव्हा कळलं. मग मिडलेक सप्लायमध्ये तिला ग्राहक-संशोधनाची नोकरी लागली. मिडलेक म्हणजे छोट्या दुकानांना दूध, पाव, साबण, सूपचे डबे असा घाऊक माल पोचवणारी कंपनी. दुकानं दोन हजार सहाशे. त्यांतली बरीचशी बर्नीला दारावरच्या घंटीच्या आवाजावरून ओळखता आली असती.

कंपनी आता 'शेजार योजना' आणणार होती. महिन्याची ठरावीक वर्गणी भरायची आणि त्या बदल्यात सवलत, लवकर पोच, दुकानाची जाहिरात वगैरे मिळवायचं. पण सगळ्यांना एकच योजना चालत नाही, म्हणून आधी दुकानदारांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा एक काल्पनिक प्रतिनिधी उभा करायचा आणि कुठलीही गोष्ट ठरवताना त्याच्याकडे बघून विचारायचं, हे याला आवडेल का? ऑफिसात अशा प्रतिनिधीला पर्सोना म्हणत. गट चार झाले होते. 'झेप घेणारी झोई', 'हिशेबी हेक्टर', 'सवडीची सूझन' आणि चौथा हा फ्रँक. पहिल्या तिघांसाठी योजनेचे तीन स्तर होते. फ्रँकसाठी काहीच नव्हतं. उलट एक जूनपासून फोनवर ऑर्डर घेणं बंद होणार होतं आणि प्रत्येक खात्याला किमान पाचशे डॉलरची ऑर्डर बंधनकारक होणार होती.

"म्हणजे फ्रँकला हाकलायचंच," बर्नी म्हणाली.

"हाकलायचं कशाला? ॲपवर आला तर स्वागतच आहे." स्पेन्सर टिलमन चौतिसाचा, विभागाचा प्रमुख. वाईट नव्हता, कुणाचाही वाढदिवस विसरत नसे. फक्त घाईत असे. "फोनवर ऑर्डर देणारे अकराशे वीस आहेत, बर्नी. दर ऑर्डर छोटी. पाहणीत त्यांनीच सांगितलंय की त्यांना काही नवं नको. मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही."

"तो विमानातला डायलॉग?"

"तो सार आहे." त्याने पान तिच्यापुढे सरकवलं. तळाशी छापलं होतं, संशोधन : बी. गोर्स्की. "पुढच्या गुरुवारी मालकिणीपुढे मांडायचंय. तोवर सही करून दे. तुझं नाव असलं की खालच्या मजल्यावरचे लोक वाद घालत नाहीत."

खालच्या मजल्यावर फोनवर ऑर्डर घेणाऱ्या, रेनाटा आणि आणखी पाच, अशा सहा जणी बसत. एक जूनला त्याही जाणार होत्या. पण सहीसाठी बर्नीचा हात आखडला तो एका आकड्यामुळे. पाहणीला उत्तर देणारी दुकानं चारशे दहा. त्यांतली फोनवाली किती, ते पानावर कुठेच नव्हतं.

"दहा दिवस आहेत ना?" ती म्हणाली आणि फ्रँकला घडी घालून पर्समध्ये टाकलं.

*

सेंटर स्ट्रीटवर ऑर्थेल्या प्रुइटचं दुकान एकोणचाळीस वर्षं उभं होतं. ऑर्थेल्या स्वतः बहात्तर वर्षांची, आणि तिला सगळा मोहल्ला मिस ऑर्थेल्या म्हणायचा. बर्नीही म्हणायची. व्हॅनच्या दिवसांत पहिल्याच आठवड्यात नुसतं 'ऑर्थेल्या' म्हटल्याबद्दल तिला चिप्सची सगळी पाकिटं पुन्हा लावायला लागली होती.

"कोण हा?" मिस ऑर्थेल्याने चष्मा खाली ओढून फ्रँककडे पाहिलं.

"नमुना आहे. तुमच्यासारख्या दुकानदारांचा."

"माझ्यासारखा? ह्याला मिशी आहे."

"मिशी सोडा हो. बाकीचं वाचा."

मिस ऑर्थेल्याने वाचलं. मध्येच एका बाईला कॉर्नमील, म्हणजे मक्याचं पीठ दिलं, एका पोराला "आईला विचारून ये" म्हणून सोड्याशिवाय परत पाठवलं आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाई गं, हा माणूस आजारी आहे. ह्याला कुणीतरी सूप नेऊन द्या."

"तुम्ही ॲपवरून का मागवत नाही, मिस ऑर्थेल्या? भीती वाटते?"

"भीती?" तिने एप्रनच्या खिशातून बर्नीच्या फोनपेक्षा नवा फोन काढला. "ह्याच्यावर मी अटलांटातल्या पणतीला रोज गोष्ट सांगते. तुमच्या ॲपवर ताक दिसतं. 'उपलब्ध आहे.' मी बटण दाबते. गाडी येते, ताक नाही. रविवारी चर्चला जाण्याआधी ताकातली बिस्किटं करायची असतात लोकांना, ते माझ्यावर ओरडतात. रेनाटाला फोन केला की मी विचारते, खरंच आहे का? ती फोन बाजूला धरून गोदामाकडे ओरडते, ताक आहे का रे? तिकडून कुणीतरी ओरडतं. तुमच्या ॲपला ओरडता येतं?"

येत नव्हतं. ॲपमधला साठा दिवसातून एकदाच, पहाटे बदलायचा. हे बर्नीला ठाऊक होतं. पण पाहणीत तसा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, 'ॲप वापरणे तुम्हाला अवघड वाटते का?'

"मग पाहणीला उत्तर का नाही दिलंत? ईमेल आली होती ना?"

"दिलं की उत्तर. डिलीट करून." मिस ऑर्थेल्याने काउंटरमागे बोट दाखवलं. तिथे तपकिरी खोक्यांची चळत होती. त्या भल्यामोठ्या ऑनलाइन दुकानाची, ज्याचं नाव या दुकानात कुणी घेत नसे. "ही बघ. समोरच्या घरातला कर्टिस. माझ्याकडून पाव नेतो फक्त. बाकी साबण, कागद, कॉफी सगळं तिथून मागवतो. दिवसा घरी नसतो, म्हणून खोकी इथे उतरवून घेतो. मी सांभाळते, कारण चोरीला गेली तर तो बिचारा हळहळेल. ज्या दुकानाने माझं अर्धं गिऱ्हाईक नेलं, त्याची खोकी मी राखते! आणि तुम्ही मला काय पाठवलंत? 'पाच मिनिटं द्या आणि पंचवीस डॉलरचं कार्ड मिळवा.' कुठल्या दुकानाचं कार्ड?"

बर्नी खोक्यांकडे बघू लागली.

"बोल ना. कुठल्या?"

"त्याच," बर्नी म्हणाली.

"मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग खाली तुमचा शिक्का दिसला."

बर्नीच्या कानशिलाला ऊब चढली. ऑक्टोबरात पाहणीचा मसुदा तिच्याकडे आला होता. प्रश्न तिने शब्द न् शब्द तपासले होते. शेवटच्या ओळीत बक्षिसाचं कार्ड होतं. ते कार्ड घाऊकात घेतलं की आठ टक्के सूट मिळते, असं स्पेन्सरने म्हटलं होतं. तिने ती ओळ वाचली होती आणि समासात आपली आद्याक्षरं टाकली होती. बावीस वर्षं याच काउंटरांसमोर उभी राहिलेली बाई, आणि ती ओळ तिला टोचली नव्हती.

"त्या कागदावर माझी सही आहे, मिस ऑर्थेल्या."

म्हातारीने चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग शिळ्या पावांवर उतरलेली किंमत लिहायचा लाल पेन उचलला आणि फ्रँकला काउंटरवर आडवं पाडलं. 'दुकानात एकटा' वर काट मारून लिहिलं, 'मंगळवार-शनिवार बहीण असते आणि ती माझ्याहून खाष्ट आहे.' 'स्वस्त माल हवा' वर काट : 'सांगितलेला माल हवा.' 'धंदा वाढवायचा नाही' पाशी थांबली. खिडकीतून शेजारच्या बंद पडलेल्या लॉन्ड्रीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'भिंत पाडणार आहे. एप्रिलमध्ये.'

"खरंच?"

"तुम्ही कधी विचारलंत?" तिने पेनाचं टोपण लावलं. "आणि ही टोपी. दुकानात टोपी कोण घालतं?"

*

त्या पानाने बर्नीच्या डोक्यात ठिणगी टाकली. तिने फ्रँकच्या वीस प्रती काढल्या, खोकंभर लाल पेन घेतले आणि चार दिवसांत चौदा दुकानं फिरली. दुकानं तिने आपल्या ओळखीपाळखीची घेतली नाहीत, नाहीतर स्पेन्सरने तिलाच धरलं असतं. फोनवाल्यांच्या यादीतून दर ऐंशीवं नाव उचललं. कुणालाही कार्ड दिलं नाही. ती नुसती म्हणायची, "हा माणूस तुमच्यासारखा आहे म्हणे. जिथे चुकलंय तिथे दुरुस्त करा."

लोकांना प्रश्न विचारले की ते सभ्य होतात. कुणीतरी आपल्याविषयी चुकीचं लिहिलेलं दाखवलं की मात्र त्यांना कंठ फुटतो. अब्दो मुथन्ना नावाच्या येमेनी दुकानदाराने इंग्रजीत सुरुवात केली आणि रागाच्या भरात उरलेलं पान अरबीत भरलं. "वाचून दाखव ना," बर्नी म्हणाली. "नको," तो म्हणाला, "तू चांगली बाई आहेस."

पण घोळ खरा कुठे आहे ते कळलं पाकू वूच्या मागच्या खोलीत. पाकू चाळिशीची, आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग समाजातली, नॅशनल अव्हेन्यूवर किराणा चालवायची. बर्नी गेली ती मंगळवारी दुपारी. मागच्या खोलीत मिडलेकची खोकी फोडून मांडलेली होती आणि पाकूसकट चार बायका जमिनीवर बसून माल वाटून घेत होत्या. सूपचे बारा डबे इकडे, सहा तिकडे. एकीच्या मांडीवर बाळ, दुसरी फिश सॉसच्या बाटल्या गुंडाळतेय, आणि सगळ्यांचं तोंड एकाच वेळी चालू.

"हे काय चाललंय?" बर्नीने विचारलं.

"मंगळवार," पाकू म्हणाली. "ही माझी जाऊ, ही नणंद, ही जावेची मैत्रीण. प्रत्येकीचं दुकान आहे. पूर्ण खोकं एकीला जास्त होतं. म्हणून मी फोन करते, चौघींचं एकदम मागवते, माझ्या नावावर. मग वाटतो."

"आणि त्यांची खाती?"

"आहेत ना. तुमच्या माणसाने उघडायला लावली होती. कोण वापरतं?" सगळ्या हसल्या. जाऊबाई बाळाला थोपटत म्हणाल्या, "आम्ही झोपलेल्या आहोत का तुमच्या कागदावर?"

ती तीन खाती बर्नीला आठवत होती. यादीत त्यांच्यापुढे 'निद्रिस्त' असंच लिहिलेलं होतं. चार दुकानं, एक निर्णय, एक फोन. आणि कागदावर एक बरं गिऱ्हाईक आणि तीन मेलेली. किमान ऑर्डर खात्यागणिक लागली तर ही तिन्ही पुसली जाणार होती आणि कुणाला कळणारही नव्हतं की पुसलं काय.

"पाकू, तुझ्यासारखं आणखी कोणी करतं?"

"तू जेवलीस का?" पाकूने विचारलं, आणि भात आणि मिरचीची चटणी तिच्यापुढे आल्यावरच उत्तर दिलं. "सगळे करतात. कुणी सांगत नाहीत. तुमच्या नियमात बसतं की नाही ते कुणाला ठाऊक."

*

मार्गो लिंडक्विस्ट कंपनीची आकडेवाली. गट पाडायचं गणित तिने केलं होतं आणि तिच्या गणितावर कुणी बोट ठेवलं की ती चष्मा पुसायला घ्यायची. शुक्रवारी दुपारी दोघी तळलेला मासा खायला बसल्या तेव्हा बर्नीने बोट ठेवलं.

"फोनवाल्यांतून उत्तरं किती आली?"

मार्गोने चष्मा काढला. "ॲपवाल्या चौदाशे ऐंशींतून तीनशे पासष्ट. फोनवाल्या अकराशे वीसांतून..." तिने काच पुसली. "पंचेचाळीस."

"शंभरातले चार."

"मला माहितीय. मी टिपणात लिहिलं होतं. टिपण कुणी वाचत नाही."

"त्या पंचेचाळिसांना मी फोन केले. एकतीस जण बोलले. त्यांतल्या अकरा जणांनी दुकान विकायला काढलंय, मार्गो. सहा ठिकाणी पाहणी भाच्याने नाहीतर कराचे कागद भरून देणाऱ्याने भरली होती, कारण आपल्याकडे ईमेल त्यांचा आहे. ज्यांना ते कार्ड घ्यायला काहीच वाटलं नाही, तेवढेच आपल्याला सापडले. धंद्यातून मन उठलेली माणसं गोळा केली आणि म्हटलं, बघा, यांना वाढायचं नाही."

मार्गोने काट्याने बटाट्याची थालीपिठासारखी धिरडी उगाच कापली. "तुझी चौदा दुकानं म्हणजे काही पुरावा नाही. तू त्यांच्यावरून टक्केवारी काढलीस तर स्पेन्सर तुला सोलून काढेल, आणि बरोबर करेल."

"म्हणूनच तर तुला मासा खाऊ घालतेय. चौदा दुकानांनी मला फक्त काय बघायचं ते सांगितलं. किती, ते तू सांग. त्याला पाहणी कशाला हवी? ऑर्डरी सगळ्यांच्या आहेत. रेनाटाच्या फोनची नोंद आहे, प्रत्येक फोनला कोण बोललं त्याचं नाव टिपलंय. खातं सोड. फोन करणारा माणूस धर आणि त्याप्रमाणे पुन्हा मांड."

मार्गो चष्मा लावून थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. हा तिचा आनंदाचा चेहरा होता, पण ते फार थोड्यांना माहीत होतं.

बुधवारी दुपारी तिने बर्नीच्या टेबलावर एकच कागद ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. अकराशे वीस खाती, पण फोन करणारी माणसं सहाशे नव्वद. आणि खाली आणखी एक ओळ, जी बर्नीने मागितलीही नव्हती.

*

गुरुवारी सकाळी बैठकीच्या दाराशी स्पेन्सरने तिला गाठलं. "सही?"

"नाही."

"बर्नी, छापखाना सोमवारचा ठरलाय. तुला फ्रँकचा फोटो आवडला नसेल तर बदलू."

"फोटोचा प्रश्न नाही. तो माणूसच खोटा आहे. आणि माझं नाव खाली आहे."

स्पेन्सर हळू आवाजात म्हणाला, "आत तू माझ्याविरुद्ध बोललीस, तर या विभागात तुझ्यासाठी जागा राहील असं मी खात्रीने सांगू शकत नाही."

"बावीस वर्षं मी चिप्सच्या खोक्यांत अंग चोरून बसलेय," बर्नी म्हणाली. "जागेचं मला नको सांगूस." आणि तिने दार ढकललं.

इन्ग्रिड मोएन कंपनीची मालकीण. तिच्या वडिलांनी एका ट्रकवर सुरू केलेली कंपनी ती सांभाळत होती आणि लोक बोलत असताना स्वेटर विणत असे. स्पेन्सरने झोई, हेक्टर, सूझन नीटनेटके मांडले. पडद्यावर फ्रँक आला. "हा गट आपल्याला जड जातो," तो म्हणाला. "संशोधनानुसार..."

"संशोधनानुसार नाही," बर्नी म्हणाली.

सुया थांबल्या.

बर्नी उठली आणि चौदा कागद टेबलावर पसरले. चौदा फ्रँक, लाल रेघोट्यांनी भरलेले. एकाची टोपी खोडलेली, एकाच्या मिशीवर फुली. एकाला शिंगं काढलेली होती. अब्दोचा फ्रँक तर ओळखू येत नव्हता.

"हे दुकानदारांनी तपासलेले पेपर आहेत," ती म्हणाली. "फ्रँक नापास."

कुणीतरी फिसकन हसलं. स्पेन्सर हसला नाही. "चौदा माणसं, इन्ग्रिड. चौदा. आमचा आधार चारशे दहा आहे."

"फ्रँकचा आधार पंचेचाळीस आहे," बर्नी म्हणाली. "आणि ते पंचेचाळीस आपण कसे गोळा केले ते ऐका. छोट्या दुकानदारांना त्यांचा गळा आवळणाऱ्याच दुकानाचं कार्ड दिलं आणि म्हटलं, या, मन मोकळं करा. ज्यांना राग आला त्यांनी पत्र फेकून दिलं. ज्यांना राग यायचा थांबलाय, त्यांनी भरलं. ती ओळ मी वाचली होती. माझी आद्याक्षरं आहेत तिथे. म्हणजे चूक माझीही आहे. पण एकदा चुकीच्या कागदावर सही केली म्हणून दुसऱ्यांदा करणार नाही."

"चूक असेल, पण..." स्पेन्सर म्हणाला. "ऑर्डरी छोट्याच आहेत. ते तर पाहणीतून आलेलं नाही."

"खात्यागणिक छोट्या आहेत. पाकू वू चार दुकानांचा माल एका फोनवर मागवते. आपल्या कागदावर तिघी निद्रिस्त आहेत. मी त्या तिघींना सूपचे डबे मोजताना पाहिलंय, चांगल्या टक्क जाग्या होत्या. आपण खाती मोजली, दुकानं मोजली. ठरवणारं माणूस मोजलंच नाही."

इन्ग्रिडने विणकाम मांडीवर ठेवलं. ती बर्नीकडे बघत नव्हती, स्पेन्सरकडेही नव्हती. "मार्गो," ती म्हणाली, "आपल्याला सोडून किती दुकानं जातात?"

मार्गो स्पेन्सरच्या हाताखालची होती आणि तिचं बढतीचं पत्र त्याच्या खणात होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मार्गोने चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"तीन वर्षांत ॲपवाल्यांतली शंभरातली एकवीस दुकानं गेली," ती म्हणाली. "फोनवाल्यांतली सात. आणि एक माणूस अनेक दुकानांसाठी फोन करतो, तिथे दोन." मग खोलीकडे न बघता तिने जोडलं, "म्हणजे फोनमुळेच टिकतात असं मी म्हणत नाही. पण टिकतात ते हे."

"हे पानावर का नाही?" इन्ग्रिडने विचारलं.

"आपण गट ऑर्डरच्या आकारावर पाडले," स्पेन्सर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मग, त्याच्याबद्दल खरं सांगायचं तर, त्याने एक बरी गोष्ट केली. पुढे होऊन अब्दोचा कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"त्याने वाचून दाखवलं नाही," बर्नी म्हणाली. "तुझ्यासाठी बरंच आहे ते."

निर्णय व्हायला तास लागला आणि तो कुणाच्याच पूर्ण मनासारखा नव्हता. पहिल्या तिघांची योजना ठरल्या दिवशी निघणार होती. फोन बंद होणार नव्हता, पण फक्त ऑक्टोबर अखेरपर्यंत. किमान ऑर्डर खात्याला नाही, फोन करणाऱ्याला लागणार होती, मग त्याच्यामागे चार दुकानं असोत की एक. फ्रँक रद्द. चौथ्या गटाचे दोन गट करायचे, एकट्यापुरतं मागवणारे आणि अनेकांसाठी मागवणारे, आणि त्यांची नवी पानं बर्नीने आणायची. "ऑक्टोबरला आकडे आले नाहीत तर फोन बंद," इन्ग्रिड म्हणाली, "आणि मग तुम्ही लाल पेन घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

"निळा आणीन," बर्नी म्हणाली.

बाहेर पडताना स्पेन्सरने विचारलं, "नव्या पानावर नाव काय ठेवणार? फोटो?"

"फोटो नाही."

"फोटोशिवाय पर्सोना होत नाही, बर्नी. लोकांना चेहरा लागतो."

"मग दुकानात जाऊन बघा म्हणावं."

*

नवं पान घेऊन ती पहिल्यांदा सेंटर स्ट्रीटला गेली. काउंटरमागे कर्टिसची खोकी आणखी वाढली होती. शेजारच्या भिंतीवर खडूने एक मोठा चौकोन आखला होता. तिथे दार होणार होतं.

मिस ऑर्थेल्याने पान दोन्ही हातांत धरलं. फोटोच्या जागी कोरी चौकट. खाली लिहिलं होतं : माल आहे की नाही हे आधी विचारते. माणसाशी बोलून मागवते. शब्द पाळणाऱ्याला सोडत नाही. मालात काय बदललं ते कळवलं नाही तर सोडते. किती दुकानांशी बोललो, किती फोनांच्या नोंदी पाहिल्या आणि काय अजून माहीत नाही, तेही तळाशी होतं. आणि त्याखाली, संशोधन : बर्नाडिन गोर्स्की. पूर्ण नाव.

"मला वाटलं वर तुमचं नाव घालावं," बर्नी म्हणाली. "विचारायला आले."

"खबरदार."

"मान म्हणून हो."

"मान ठेव तुझ्यापाशी. मी माझ्यासारखी आहे. तू सांगितलीस ती पाकू का कोण, ती तिच्यासारखी. आम्हाला मिसळून ढवळलंस ते तुझ्या कामापुरतं ठीक आहे, पण त्याला माझं नाव द्यायचं नाही. मी कुणाची सरासरी नाही."

"बरं."

"रेनाटा आहे ना अजून?"

"ऑक्टोबरपर्यंत. पुढचं तुमच्यावर आहे. भिंत पाडा, माल वाढवा, सगळ्यांना सांगा."

"ऑक्टोबर!" मिस ऑर्थेल्या फणकारली. "एकोणचाळीस वर्षं मला कोणी ना कोणी ऑक्टोबर सांगतंय." तिने एप्रनच्या खिशात हात घातला. लाल पेन बाहेर आला.

"अहो, हे मंजूर झालंय," बर्नी म्हणाली.

"तुमच्याकडे झालं असेल." तिने टोपण दातांनी काढलं, पान काउंटरवर सरळ केलं आणि पहिल्याच ओळीवर वाकली. "खुर्ची ओढ, पोरी. आणि गिऱ्हाईक आलं की तू बघ, मला वेळ लागेल."

बर्नीने खुर्ची ओढली. दारावरची घंटी वाजली, कुणीतरी कॉर्नमील मागितलं तशी ती उठली आणि ते कुठल्या फळीवर असतं ते न विचारता तिकडे वळली.